टोटल स्टेशनने इमारतीचे कोपरे जमिनीवर कसे आखायचे आणि कर्ण नेमकं काय सांगतात

चार खुंट्या ठोकून झाल्या की मिस्त्री टेप काढतो. आधी एक कर्ण मोजतो, मग दुसरा. दोन्ही सारखे भरले की ‘गुण्यात आहे’ म्हणतो आणि फक्की मारायला सांगतो. समोरासमोरच्या बाजूही सारख्या असतील तर त्याचं म्हणणं खरं असतं, चौकोन खरोखर काटकोनात असतो. पण तो चौकोन नकाशात दाखवलेल्या जागीच आहे का, हे त्या दोन मापांतून कळत नाही. अख्खी इमारत दोन मीटर सरकली, फिरली किंवा आरशातल्यासारखी उलटी पडली, तरी कर्ण बरोबरच भरतात. कर्ण आकाराची साक्ष देतात. जागेची साक्ष दुसरीकडून काढावी लागते. टोटल स्टेशन हे कोन आणि अंतर दोन्ही मोजणारं यंत्र. ते पहिल्यांदा हाताळणाऱ्याने हा फरक डोक्यात ठेवला, तर पुढचं काम बरंच सरळ होतं.

एक छोटं उदाहरण घेऊ आणि शेवटपर्यंत तेच चालवू. इमारत १८ मीटर लांब आणि १२ मीटर रुंद आहे. ती उत्तर दिशेला सरळ नाही, थोडी वळलेली आहे. साइटवर टी-१ आणि टी-२ असे दोन पक्के नियंत्रण बिंदू आहेत आणि टी-३ हा तिसरा बिंदू फक्त तपासणीसाठी ठेवला आहे. आकडे मीटरमध्ये आहेत.

| बिंदू | पूर्व | उत्तर |
|---|---|---|
| टी-१ | १०००.००० | ५००.००० |
| टी-२ | १०२४.००० | ५७०.००० |
| अ | १०२०.००० | ५१२.००० |
| ब | १०३०.८०० | ५२६.४०० |
| क | १०४०.४०० | ५१९.२०० |
| ड | १०२९.६०० | ५०४.८०० |

अब आणि डक या लांब बाजू आहेत, बक आणि अड या आखूड.

यंत्र पेटीतून काढण्याआधी

पहिली तपासणी कागदावरच करायची. कोपऱ्यांचे निर्देशांक नकाशावरून आले असतील किंवा कोणी संगणकातून काढून दिले असतील, तरी चार बाजू आणि दोन कर्ण आपल्या हाताने काढून बघा. सूत्र एकच आहे:

```
d = sqrt(dE^2 + dN^2)
```

अ पासून क पर्यंत पूर्वेचा फरक २०.४ आणि उत्तरेचा ७.२ आहे. वर्गांची बेरीज ४६८ येते, म्हणजे कर्ण २१.६३३ मीटर. ब ते ड चा फरक १.२ आणि २१.६, बेरीज पुन्हा ४६८. दोन्ही कर्ण सारखे आले. १८ आणि १२ च्या काटकोन चौकोनाचा कर्णही एवढाच असायला हवा, आणि तो तेवढाच आहे. इथे आकडे जुळले नाहीत तर यंत्र उघडूच नका, चूक कागदावर आहे. टाइप करताना एक अंक इकडचा तिकडे गेला, तरी याच पायरीवर पकडला जातो.

दुसरी गोष्ट, हे कोपरे कशाचे आहेत? भिंतीच्या बाहेरच्या कडेचे, कॉलमच्या केंद्राचे की पायाच्या खोदाईचे? ३०० मिलिमीटरचा कॉलम असेल तर केंद्र आणि बाहेरची कड यांत १५० मिलिमीटरचा फरक असतो. कोपरे दोन्ही दिशांना तेवढे सरकतात आणि आकार तरीही छान काटकोनात राहतो. नकाशा देणाऱ्याला विचारा आणि उत्तर वहीत लिहून ठेवा. मी तरी हे विचारल्याशिवाय एकही खुंटी ठोकत नाही.

मग वहीत एक कच्चं चित्र काढा. टी-१ वर उभं राहून टी-२ कडे तोंड केलं तर इमारत कोणत्या हाताला येते? आपल्या उदाहरणात टी-२ ची दिशा उत्तरेपासून १८°५५′२९″ आहे आणि अ ची ५९°०२′१०″. म्हणजे टी-२ वरून सुमारे ४० अंश उजवीकडे वळल्यावर अ सापडतो. इमारत उजव्या हाताला आहे. एवढी साधी नोंद कशाला, असं आत्ता वाटेल. तिचा उपयोग थोड्या वेळात दिसेल.

टी-१ वर यंत्र लावणं

ट्रायपॉडचे तिन्ही पाय जमिनीत दाबून रोवा, विशेषतः भरावाच्या मातीत. डोकं अंदाजे सपाट आणि बिंदूच्या वर आणा. प्लमेट या खाली बघायच्या भिंगातून किंवा लेझर ठिपक्याने खिळ्यावर नेम धरा, आधी पाय कमी-जास्त करून गोल बुडबुडा आणि मग पायाच्या स्क्रूंनी लांब बुडबुडा किंवा स्क्रीनवरची लेव्हल मध्यावर आणा. लेव्हल आणताना यंत्र खिळ्यावरून जरा सरकतं, म्हणून नेम पुन्हा बघा. दोन-तीन फेऱ्यांत दोन्ही जमतात. शेवटी यंत्र अर्धा फेरा फिरवूनही बुडबुडा मध्यावर राहतो का ते पाहा.

मग स्टेशन म्हणून टी-१ चे निर्देशांक भरा. इथे सावध राहा. काही यंत्रं आधी `N` विचारतात, काही आधी `E`. नकाशाच्या यादीत पूर्व पहिली आणि स्क्रीनवर उत्तर पहिली, असं असेल तर सवयीने आकडे उलटे पडतात. एकच बिंदू उलटा पडला तर यंत्र शेकडो मीटर दूरचं काहीतरी दाखवतं आणि चूक लगेच कळते. खरा घात सगळेच बिंदू, नियंत्रण बिंदूंसकट, उलटे भरले तर होतो. मग टी-१ ते टी-२ चं अंतर बरोबर येतं, बाजू बरोबर येतात, कर्णही बरोबर येतात. फक्त इमारत टी-२ च्या रेषेच्या डाव्या हाताला जाऊन पडते, आरशात पाहिल्यासारखी. टेपने ही चूक सापडणारच नाही. सापडेल ती वहीतल्या कच्च्या चित्राने, कारण तिथे ‘उजव्या हाताला’ असं लिहिलेलं आहे.

बॅकसाइट: दिशा आणि अंतर, दोन्ही

यंत्राला आपण कुठे उभे आहोत ते कळलं, पण तोंड कुठे आहे ते अजून कळलेलं नाही. त्यासाठी टी-२ वर प्रिझम, म्हणजे यंत्राचा किरण परत फिरवणारी काच, धरायचं आणि त्याच्या मध्यावर नेम धरून दिशा पक्की करायची. शक्य असेल तर प्रिझमच्या काठीऐवजी ट्रायपॉड वापरा, निदान काठीचं टोक खिळ्यावर बरोबर बसलं आहे का ते बघा. बॅकसाइट, म्हणजे ज्यावरून दिशा घेतो तो बिंदू, नेहमी आखायच्या बिंदूंपेक्षा लांब असावा. आपला टी-२ हा ७४ मीटरवर आहे आणि सगळ्यात लांबचा कोपरा क सुमारे ४४.७ मीटरवर. ही मांडणी चांगली आहे. उलट झालं असतं, जवळच्या बिंदूवर दिशा घेऊन लांबचा कोपरा आखला असता, तर दिशेतली चूक वाढत गेली असती.

दिशा घेतली की बरेच जण लगेच आखणीकडे वळतात. थांबा, आणि टी-२ चं अंतरही मोजा. निर्देशांकांवरून ते ७४.००० यायला हवं. स्क्रीनवर `HD` म्हणजे आडवं अंतर बघायचं, `SD` म्हणजे तिरपं अंतर नाही. एक-दोन मिलिमीटरचा फरक चालेल. जास्त आला तर पुढे जाऊ नका.

समजा ७३.९७० आलं, ३० मिलिमीटर कमी. कारणं दोन असू शकतात आणि दोन्ही सेटिंगमधली आहेत. पहिलं कारण प्रिझमचा स्थिरांक. प्रिझमच्या काचेतून प्रकाश आत-बाहेर जातो, त्यामुळे मोजलेल्या अंतरात एक ठरलेली दुरुस्ती करावी लागते. ती बहुधा प्रिझमच्या चौकटीवर ० किंवा −३० मिमी अशी लिहिलेली असते. प्रिझम ० चं आणि यंत्रात −३० लावलेलं, असं असेल तर प्रत्येक अंतर ३० मिलिमीटर कमी दिसतं. वेगवेगळ्या कंपन्यांची शून्य धरायची पद्धतही वेगळी असते. एकीच्या हिशेबात ० असलेलं प्रिझम दुसरीच्या यंत्रावर −३४.४ ठरतं. म्हणून दुसऱ्याचं प्रिझम उसनं आणलं तर चौकटीवरचा आकडा डोळे मिटून घेऊ नका. दुसरं कारण स्केल फॅक्टर, म्हणजे यंत्र प्रत्येक अंतराला ज्याने गुणतं तो आकडा. मागच्या कामात कोणी यूटीएम या नकाशा-पद्धतीच्या निर्देशांकांसाठी ०.९९९६ लावून ठेवला असेल, तर ७४ मीटरवर तोही जवळजवळ ३० मिलिमीटरच खातो.

दोघांत फरक कसा करायचा? जमिनीवर टेपने १० मीटर मोजा आणि तेच अंतर यंत्राने मोजा. स्थिरांकाची चूक अंतर कितीही असलं तरी तेवढीच राहते, त्यामुळे ९.९७० दिसेल. स्केल फॅक्टरची चूक अंतराबरोबर कमी-जास्त होते, त्यामुळे ९.९९६ दिसेल. पाच मिनिटांचं काम आहे.

अंतर जुळलं तरी दिशा बरोबर आहे असं ठरत नाही. प्रिझम टी-२ च्या खिळ्याऐवजी बाजूला ३५ मिलिमीटरवर धरलं असेल, तर ७४ मीटरवर अंतरात काहीच फरक दिसत नाही, पण दिशा दीड मिनिटाहून जास्त फिरते आणि क कोपरा २१ मिलिमीटर सरकतो. कर्ण मात्र २१.६३३ च भरतात. इथे टी-३ कामाला येतो. दिशा पक्की केल्यावर टी-३ वर प्रिझम धरून त्याचे निर्देशांक मोजा आणि यादीशी ताडून पाहा. बाजूची चूक टी-३ वर उघडी पडते. तिसरा बिंदू नसेल तर आधी तो तयार करून घ्या.

कोपरा अ

आता यंत्राच्या स्टेक-आउट म्हणजे आखणीच्या मेनूत जाऊन अ निवडा. यंत्र दोन गोष्टी सांगतं, किती वळायचं आणि किती पुढे-मागे जायचं. आधी आडव्या कोनाचा फरक शून्य होईपर्यंत दुर्बीण फिरवा आणि आडवी कळ घट्ट करा. आता दुर्बीण फक्त वर-खाली होईल. मदतनीसाला प्रिझम घेऊन त्या रेषेत आणायचं, ‘डावीकडे, अजून, बास’ असं. रेषेत आला की अंतर मोजा.

पहिल्यांदा समजा २३.४१० आलं. हवं आहे २३.३२४. म्हणजे मदतनीसाने ८६ मिलिमीटर तुमच्याकडे यायला हवं. स्क्रीनवर हे अधिक चिन्हाने दिसेल की उण्याने, ते यंत्रानुसार बदलतं. पहिल्या मापाला मदतनीसाला मुद्दाम एक पाऊल स्वतःकडे बोलवा आणि आकडा कुठे जातो ते बघा, म्हणजे दिवसभर गोंधळ होत नाही. दोन-तीन मापांत तो एखाद्या सेंटिमीटरच्या आत येतो. तिथे लाकडी खुंटी ठोका.

खुंटी ठोकताना ती हमखास सरकते. दगड लागला की वाकते. म्हणून खुंटी ठोकल्यावर पुन्हा तीच रीत करायची, या वेळी खुंटीच्या डोक्यावर. पेन्सिलीने ठिपका, त्यावर माप, दुरुस्ती, मग खिळा, आणि खिळ्यावर शेवटचं माप. हे शेवटचं माप निर्देशांकांसह वहीत किंवा यंत्राच्या स्मृतीत ठेवा. कोपरा आखला गेला तो खिळ्यावर, खुंटीवर नाही.

या शेवटच्या मापाला प्रिझम खाली आणा. मिलिमीटर चुकतात ते बहुतेक काठीमुळे. काठी २ मीटर उंच आणि १० मिनिटांनी कललेली असेल, तर वरचं प्रिझम सुमारे ६ मिलिमीटर बाजूला जातं. काठीचा बुडबुडा थोडा बिघडलेला असेल तर एवढा कल डोळ्यांना दिसतही नाही. तोच कल ३० सेंटिमीटर उंचीवर एका मिलिमीटरच्या आत राहतो. छोटं प्रिझम घेऊन ते खिळ्यावर टेकवता आलं तर उत्तमच. ५ सेकंदांचं साधं यंत्रही ४५ मीटरवर कोनात सुमारे १ मिलिमीटरच चुकतं, म्हणजे काठीपुढे यंत्राची चूक काहीच नाही. महाग यंत्र आणून काठीकडे दुर्लक्ष करणारे मी बरेच पाहिले आहेत.

ब, क आणि ड याच रीतीने. यंत्रावरून त्यांची अंतरं ४०.५६६, ४४.७३० आणि २९.९८७ यायला हवीत. चारही झाले की यंत्र हलवण्याआधी टी-२ वर पुन्हा नेम धरा आणि दिशा वाचा. एकदा भरावाच्या मातीवर यंत्र लावलं होतं. सकाळी सगळं ठीक होतं, दुपारी शेवटची दिशा वाचली तर ४० सेकंदांचा फरक. ट्रायपॉडचा एक पाय हळूहळू बसत गेला होता. शेवटचे दोन कोपरे पुन्हा आखावे लागले. शेवटचं माप घेतलं नसतं तर ते दोन कोपरे ८-९ मिलिमीटरने वाकडे राहिले असते आणि दोष टेपवर गेला असता.

कर्ण मोजताना

कर्ण टोटल स्टेशननेच दोन बिंदूंमधलं अंतर काढून मोजता येतात. पण त्याच जागेवरून, त्याच सेटिंगने मोजलेले कर्ण म्हणजे चोराला चोरीची चौकशी करायला लावणं. प्रिझमचा स्थिरांक चुकला असेल तर यंत्राने कोपरे चुकीच्या जागी आखले, पण त्याच चुकीने परत मोजले की आकडे जुळतात. म्हणून कर्ण पोलादी टेपने मोजायचे. आपल्याला ३० मीटरची टेप पुरते. कापडी किंवा फायबरची टेप ओढली की ताणली जाते, ती इथे चालत नाही.

टेपचा पहिला हुक किंवा कडी बहुधा झिजलेली असते, म्हणून १ मीटरच्या खुणेवर खिळा धरायचा आणि शेवटी एक मीटर वजा करायचा. कोण वजा करणार ते आधी ठरवा. दोघांनीही वजा केला किंवा दोघेही विसरले, हा प्रकार जुना आहे. टेप दोन्ही कर्णांना सारख्याच ताणाने ओढा. बऱ्याच पोलादी टेपांवर ताण छापलेला असतो, ५० न्यूटन म्हणजे जवळजवळ ५ किलो. टेप मध्ये लोंबकळली तर झोळामुळे माप काही मिलिमीटर जास्त भरतं, म्हणून ती जमिनीला टेकू द्या किंवा मध्ये आधार द्या.

उन्हाचाही विचार करा. टेप २० अंशांवर खरी असते. ४० अंशांवर ती लांबते आणि आपला २१.६३३ मीटरचा कर्ण सुमारे ५ मिलिमीटर कमी दिसतो. पण दोन्ही कर्णांवर परिणाम सारखाच होतो, त्यामुळे त्यांच्यातला फरक खरा राहतो. उताराचं तसं नाही. अ आणि क यांच्या पातळीत अर्ध्या मीटरचा फरक असेल आणि ब-ड सपाट असेल, तर जमिनीला लागून मोजलेला अक सुमारे ६ मिलिमीटर जास्त भरतो आणि आखणी बरोबर असूनही कर्ण चुकल्यासारखे दिसतात. अशा वेळी टेप आडवी धरून खालच्या बाजूला ओळंबा सोडा, किंवा पातळीतला फरक मोजून हिशेबाने तिरपं माप आडवं करा.

आता किती फरक चालेल? कामाच्या कागदपत्रांत मर्यादा दिली असेल तर तीच. दिली नसेल तर हिशेब करून बघा. प्रत्येक कोपरा साधारण ३ मिलिमीटर इकडेतिकडे असेल, तर एका कर्णात साधारण ४ मिलिमीटर आणि दोन कर्णांच्या फरकात ६ मिलिमीटर येणं स्वाभाविक आहे. ५-६ पर्यंत मी शांत असतो. १० च्या पुढे गेलं तर कोपरा शोधायला निघतो.

आकडे वाचून चूक शोधणं

फक्त ‘कर्ण जुळत नाहीत’ म्हणून चारही कोपरे पुन्हा आखायची गरज नसते. चार बाजू आणि दोन कर्ण अशी सहा मापं समोर ठेवा आणि चूक कुठे आहे ते तीच सांगतात.

अक २१.६४८ भरला आणि बड २१.६३३. बाजूंपैकी बक १२.००८, डक १८.०१२, बाकी दोन बरोबर. क ला लागणारी तिन्ही मापं जास्त आहेत, न लागणारी तिन्ही बरोबर आहेत. म्हणजे एकटा क १५ मिलिमीटर बाहेर गेला आहे. तोच पुन्हा आखायचा.

दुसरा प्रकार जास्त फसवा आहे. चारही बाजू अचूक भरतात, पण एक कर्ण ८ मिलिमीटर जास्त आणि दुसरा ८ कमी. क आणि ड दोघेही लांबीच्या दिशेने १० मिलिमीटर सरकले की असं होतं, चौकोन किंचित तिरका झालेला असतो. १० मिलिमीटरच्या या सरकण्याने १२ मीटरच्या बाजूत पडणारा फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही कमी असतो, कोणत्याही टेपला तो दिसणार नाही. कर्णांच्या फरकात मात्र तीच चूक जवळजवळ १७ मिलिमीटर होऊन येते. कर्ण मोजायची प्रथा पडली ती याचमुळे. बाजू जिथे आंधळ्या असतात तिथे कर्णांना सगळ्यात जास्त दिसतं.

तिसरा प्रकार, दोन्ही कर्ण एकमेकांशी जुळतात पण दोन्ही ९ मिलिमीटर जास्त, २१.६४२. बाजूही त्याच प्रमाणात वाढलेल्या. ही स्केल फॅक्टरची खूण आहे, ०.९९९६ मागच्या कामातून राहून गेला.

चौथा प्रकार पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी अर्धा तास डोकं खाजवत बसलो होतो. आपल्या उदाहरणावर मांडला तर तो असा दिसतो. अक बरोबर आणि बड १४ मिलिमीटर जास्त. अब १.५, डक ५, बक ७ आणि अड साडेनऊ मिलिमीटर जास्त. कोणत्याच एका कोपऱ्यावर बोट ठेवता येत नाही. ही प्रिझमच्या स्थिरांकाची चूक आहे. यंत्र ३० मिलिमीटर कमी वाचत होतं, त्यामुळे चारही कोपरे टी-१ पासून ३० मिलिमीटर दूर गेले. अक ही रेषा टी-१ वरून जवळजवळ एकाच दिशेत दिसते, त्यामुळे तिची दोन्ही टोकं एकाच दिशेने सरकली आणि लांबी तशीच राहिली. बड आडवी पडते, त्यामुळे तिची टोकं पंख्याच्या पात्यांसारखी फाकली. हा प्रकार बॅकसाइटचं अंतर मोजलं असतं तर पाच मिनिटांत सापडला असता.

आकार झाला, आता जागा

कर्ण जुळले की यंत्र टी-२ वर न्या, टी-३ वर दिशा घ्या आणि चारही खिळे फक्त मोजा. आखायचं काही नाही. निर्देशांक यादीशी ५ मिलिमीटरच्या आत जुळले, तर इमारत जागेवर आहे असं म्हणायला आधार मिळतो, कारण स्टेशनही नवं आणि दिशाही नवी. शिवाय नकाशावर प्लॉटच्या हद्दीपासून किंवा जुन्या बांधकामापासून एखादं माप दिलेलं असतं, तेही टेपने बघून घ्या. सगळेच बिंदू उलटे भरले गेले असतील आणि टी-३ हा टी-१ व टी-२ च्या रेषेतच असेल, तर टी-२ वरून घेतलेलं मापही जुळतं. हद्दीपासूनचं माप मात्र जुळत नाही.

शेवटी ऑफसेट. चारही कोपरे खोदाईत उडणार आहेत, पहिल्याच दिवशी. म्हणून प्रत्येक बाजूची रेषा दोन्हीकडे २ मीटर बाहेर वाढवून तिथे खुंट्या ठोकायच्या. अब रेषा अ च्या मागे वाढवली की १०१८.८००, ५१०.४०० येतं आणि ब च्या पुढे वाढवली की १०३२.०००, ५२८.०००. त्या दोन खुंट्यांमधलं अंतर टेपने २२.००० भरायला हवं. खोदाई झाली की या खुंट्यांवर लाईनदोरी बांधायची, आडव्या दोऱ्या जिथे एकमेकींना छेदतात तिथून ओळंबा सोडायचा आणि कोपरा परत मिळतो. खोदणाऱ्या यंत्राच्या फेऱ्यासाठी २ मीटर कमी पडत असतील तर ३ घ्या, पण सगळीकडे एकच अंतर ठेवा आणि प्रत्येक खुंटीवर ते रंगाने लिहा. एका बाजूला २ आणि दुसरीकडे ३ मीटर ठेवलं, तर दोन दिवसांनी खुंटीपासून टेपने कोपरा मोजणाऱ्याला ते आठवत नाही आणि कोपरा एक मीटर सरकतो.

वहीत त्या दिवशीची सहा मापं, टी-२ वर सुरुवातीला आणि शेवटी वाचलेली दिशा, प्रिझमचा स्थिरांक, स्केल फॅक्टर आणि ऑफसेटचं अंतर लिहा. कोणी मोजलं त्याचं नाव आणि तारीख घाला आणि खोदाई सुरू होण्याआधी त्या पानाची एक प्रत साइटवरच्या इंजिनिअरकडे द्या.